ऑर्डरमागे साडेवीस रुपये सुटतात, तरी 816 कोटींचा तोटा कसा? बिझनेस प्लॅनवरची केस स्टडी सोडवताना

आयपीओंची लाट आली की कॉलेजांमधल्या असाइनमेंट बदलतात. बीबीए, एमबीए आणि आता बीकॉमच्याही मुलांना एखाद्या कंपनीचा प्रॉस्पेक्टस, म्हणजे लोकांना शेअर विकण्याआधी काढलेला माहितीचा कागद, दिला जातो आणि सांगितलं जातं, 'यावर केस स्टडी करा.' फाइल उघडावी तर चारशे-पाचशे पानं. निम्मी पानं वकिली भाषेत, उरलेली आकड्यांनी भरलेली. मग बहुतेक जण एकच मार्ग धरतात: कंपनीचा इतिहास दोन पानं, संस्थापकांची ओळख अर्धं पान, बलस्थानं-कमजोरी-संधी-धोके असा चार चौकटींचा तक्ता आणि शेवटी 'कंपनीचं भविष्य उज्ज्वल आहे'. तपासणाऱ्याला यातून एवढंच कळतं की मुलाने फाइल उघडली होती.

केस स्टडीत खरं तर एकच गोष्ट अपेक्षित असते: त्या दिवशी, तेवढ्याच माहितीवर तुम्ही निर्णय घेणारे असता, तर काय ठरवलं असतं आणि का? हे कसं करायचं ते नुसत्या नियमांतून समजत नाही. म्हणून इथे एकच कंपनी घेतो, झोमॅटो. तिचा जुलै 2021 चा प्रॉस्पेक्टस सर्वांसाठी खुला आहे, धंदा सगळ्यांच्या ओळखीचा आहे, आणि पुढे काय झालं हेही माहीत असल्याने आपलं उत्तर किती टिकलं ते तपासता येतं.

प्रॉस्पेक्टस म्हणजे बिझनेस प्लॅन कसा?

शंका रास्त आहे. बिझनेस प्लॅन म्हटलं की पुढच्या पाच वर्षांत किती विक्री, किती नफा, असा तक्ता डोळ्यांसमोर येतो. प्रॉस्पेक्टसमध्ये तो नसतो आणि असूही शकत नाही. शेअर विकताना पुढच्या नफ्याचे अंदाज कागदावर मांडायला सेबीच्या नियमांत मनाई आहे. त्यामुळे कंपनी मागची तीन वर्षं दाखवते, धंदा कसा चालतो ते सांगते, जमा होणारे पैसे कुठे लावणार ते लिहिते आणि कशाकशामुळे हे सगळं फसू शकतं याची लांबलचक यादी देते.

म्हणजे योजनेचे सगळे भाग समोर असतात, फक्त जोडणी झालेली नसते. ती तुम्ही करायची. तयार अंदाज नसल्यामुळेच अभ्यासासाठी हा कागद चांगला. स्पर्धांमध्ये सादर होणाऱ्या चकचकीत प्लॅनमध्ये पाचव्या वर्षी नफा होतोच, कारण तो व्हावा अशाच बेताने तक्ता केलेला असतो.

सगळी पानं वाचायची गरज नाही. चार प्रकरणं पुरतात: 'अवर बिझनेस', 'ऑब्जेक्ट्स ऑफ द ऑफर' म्हणजे पैसे कशासाठी हवेत, 'रिस्क फॅक्टर्स', आणि व्यवस्थापनाने स्वतःच्या आकड्यांवर केलेलं विवेचन. मी तर 'रिस्क फॅक्टर्स'पासून सुरुवात करायला सांगेन. बाकीच्या प्रकरणांवर विक्रेत्याचा हात फिरलेला असतो. हे प्रकरण मात्र उद्या कोणी खटला भरला तर अंगाशी येऊ नये या काळजीने लिहिलेलं असतं, त्यामुळे ते जास्त खरं बोलतं. झोमॅटोनेही इथे सरळ लिहिलं होतं की आजवर आमचा तोटाच होत आला आहे आणि पुढे खर्च वाढेल असा आमचा अंदाज आहे.

पहिला प्रश्न: पैसे कोण देतं, आणि कशाचे?

सोपा वाटतो म्हणून हा प्रश्न सगळे ओलांडून जातात. झोमॅटोवरून तुम्ही 400 रुपयांचं जेवण मागवलं तर ते 400 रुपये झोमॅटोची कमाई नव्हे. त्यातला मोठा वाटा रेस्टॉरंटचा. झोमॅटोला रेस्टॉरंटकडून कमिशन मिळतं, जाहिरातीचे पैसे मिळतात, तुमच्याकडून डिलिव्हरीचा आकार मिळतो. त्यातून डिलिव्हरी करणाऱ्याला द्यायचं, सवलतीचा भार उचलायचा, पेमेंटचा आणि ग्राहकसेवेचा खर्च भागवायचा.

म्हणून कागदात दोन वेगळे आकडे दिसतात. 2019-20 मध्ये लोकांनी झोमॅटोवरून एकूण 11,221 कोटी रुपयांच्या ऑर्डर दिल्या, पण कंपनीचं उत्पन्न 2,605 कोटी होतं. पुढच्या, म्हणजे महामारीच्या वर्षात ऑर्डरची रक्कम 9,483 कोटी आणि उत्पन्न 1,994 कोटी. पहिल्या आकड्याला उत्पन्न समजून लिहिलेली उत्तरं दरवर्षी दिसतात. तिथे गफलत झाली की पुढची सगळी गणितं चार-पाच पटींनी चुकतात.

दुसरा प्रश्न: एका ऑर्डरमागे काय उरतं?

या प्रॉस्पेक्टसचा जीव एका छोट्या तक्त्यात आहे. एका सरासरी ऑर्डरवर किती मिळालं, त्या ऑर्डरसाठी थेट किती खर्च झाला आणि किती शिल्लक राहिली, हे त्यात दिलं आहे. या शिलकीला 'कॉन्ट्रिब्युशन' म्हणतात. आपण तिला ऑर्डरमागची शिल्लक म्हणू. 2019-20 मध्ये ती उणे 30.5 रुपये होती. म्हणजे प्रत्येक ऑर्डरला खिशातून साडेतीस रुपये जात होते. 2020-21 मध्ये ती अधिक 20.5 रुपये झाली.

एका वर्षात 51 रुपयांचा फरक. वर्तमानपत्रांनी हा आकडा उचलला, गुंतवणूकदारांनी उचलला आणि केस लिहिणारी मुलंही तोच उचलतात: 'कंपनी आता प्रत्येक ऑर्डरवर नफा कमावते.'

मग त्याच वर्षी 816 कोटींचा तोटा कसा?

समजा, एक बाई घरून जेवणाचे डबे पुरवतात. डबा 80 रुपयांना, त्यातलं सामान, गॅस आणि पोचवणाऱ्या मुलाचे पैसे मिळून 60. डब्यामागे 20 उरले. पण त्यांनी स्वयंपाकासाठी गाळा घेतला आहे, त्याचं भाडं महिन्याला 6,000, आणि मदतनीस बाईंचा पगार 9,000. महिन्याला 750 डबे गेले तर कुठे ते भागतं. 500 डबे गेले तर प्रत्येक डब्यावर 20 रुपये सुटूनही महिनाअखेर 5,000 चा खड्डा राहतो.

झोमॅटोचंही हेच, फक्त गाळा मोठा. इंजिनियरांचे पगार, कार्यालयं, सर्व्हर, ब्रँडची जाहिरात हे सगळं ऑर्डर येवो न येवो, द्यावंच लागतं. ऑर्डरमागची शिल्लक हा नफा नव्हे. हा वरचा खर्च ज्यातून भागवायचा, ती रक्कम आहे ती.

आकडेमोड: किती ऑर्डर लागतील?

उत्तराला वजन येतं ते इथे. फक्त गुणाकार-भागाकार येत असला तरी पुरे.

2020-21 मध्ये ऑर्डर झाल्या 23.9 कोटी. त्याला 20.5 ने गुणलं की साधारण 490 कोटी रुपये. एवढी शिल्लक जमली आणि तरीही तोटा 816 कोटी. म्हणजे वरचे सगळे खर्च मिळून, इतर उत्पन्न वजा जाता, 1,306 कोटी. त्याला 20.5 ने भागलं तर सुमारे 64 कोटी ऑर्डर. म्हणजे ना नफा ना तोटा अशा रेषेवर यायचं तर त्या वर्षीच्या अडीच पटींहून जास्त ऑर्डर हव्यात.

बरेच जण इथे थांबतात. पण त्या 816 कोटींमध्ये काय काय आहे, हे एकदा पाहून घ्या. नफा-तोटा पत्रकात 'एक्सेप्शनल आयटेम्स' अशी एक ओळ आहे, म्हणजे रोजच्या धंद्याशी संबंध नसलेल्या हिशेबी नोंदी. तिथे सुमारे 325 कोटींचा भार आहे. तो दरवर्षी येणार नाही असं मानलं, तर धंद्याचा तोटा 491 कोटी उरतो. वरचा खर्च 981 कोटी होतो आणि लागणाऱ्या ऑर्डर 48 कोटींवर येतात.

64 की 48? दोन्ही आकडे लिहा आणि दुसरा का जास्त विश्वासाचा वाटतो ते एका वाक्यात सांगा. महामारीआधीच्या वर्षात कंपनीने 40.3 कोटी ऑर्डर केल्या होत्या, म्हणजे 48 कोटी काही आकाशातला आकडा नाही. योजना पटण्यासारखी वाटू लागते. आणि नेमक्या याच जागी थांबून स्वतःच्या गणितावर शंका घ्यायला हवी.

तिसरा प्रश्न: हा आकडा कोणत्या वर्षाचा?

साडेवीस रुपये हा आकडा एप्रिल 2020 ते मार्च 2021 या वर्षातला आहे. म्हणजे टाळेबंदीचं वर्ष. त्या वर्षात काय काय बदललं ते कागदातच आहे. ऑर्डर 40.3 कोटींवरून 23.9 कोटींवर घसरल्या, पण प्रत्येक ऑर्डरची सरासरी रक्कम वाढली. 11,221 कोटींना 40.3 कोटींनी भागलं तर साधारण 278 रुपये येतात, 9,483 कोटींना 23.9 कोटींनी भागलं तर 397. एकट्याने एक बिर्याणी मागवणारा कमी झाला आणि घरातल्या चौघांसाठी एकदम मागवणारं कुटुंब वाढलं, असा अर्थ काढता येतो. मोठ्या ऑर्डरवर कमिशन जास्त, पोचवण्याचा खर्च मात्र जवळपास तेवढाच.

याशिवाय सवलती कमी झाल्या, ग्राहकाकडून घेतला जाणारा डिलिव्हरी आकार वाढला. जाहिरात आणि विक्री-प्रोत्साहनावरचा खर्च तर 1,338 कोटींवरून 527 कोटींवर आला. लोक घरात अडकलेले असताना जाहिरात कशाला हवी?

विश्लेषण करायचं म्हणजे या बदलांच्या दोन राशी करायच्या. कोणते बदल टिकणारे आणि कोणते परिस्थितीने आणलेले? ऑर्डरची मोठी रक्कम टिकेल का? सवलती परत द्याव्या लागतील का, विशेषतः समोर स्विगी असताना? जाहिरातखर्च 527 कोटींवर राहील, की वाढ हवी म्हटल्यावर पुन्हा हजार कोटींच्या पुढे जाईल? खात्रीचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. पण कोणती गोष्ट बदलली तर योजना कोसळेल, ते त्या दिवशीही सांगता येत होतं. साडेवीसच्या जागी दहा रुपये धरून पाहा. 48 कोटींच्या जागी 98 कोटी ऑर्डर लागतात. एका गृहीतकावर सगळी इमारत उभी आहे हे दाखवायला ही एक ओळ पुरते.

चौथा प्रश्न: गोळा केलेला पैसा नेमका कुठे जाणार?

आयपीओ 9,375 कोटींचा होता. त्यातले 375 कोटी जुन्या भागधारकाचे, म्हणजे इन्फो एजने विकलेल्या शेअर्सचे, ते कंपनीच्या तिजोरीत येणारच नव्हते. कंपनीला मिळणार होते 9,000 कोटी. त्यातले 6,750 कोटी 'ऑरगॅनिक अँड इनऑरगॅनिक ग्रोथ इनिशिएटिव्ह्ज'साठी, म्हणजे स्वतःचा धंदा वाढवायला किंवा दुसऱ्या कंपन्या विकत घ्यायला. राहिलेले कंपनीच्या सर्वसाधारण कामांसाठी.

आता या आकड्यांकडे जरा तिरक्या नजरेने बघू. एप्रिल 2021 मध्ये आलेल्या मसुद्यात नव्या शेअर्सची रक्कम 7,500 कोटी होती आणि वाढीसाठी ठेवलेले पैसे 5,625 कोटी. जुलैच्या अंतिम कागदात रक्कम 9,000 कोटी झाली आणि वाढीसाठीचे पैसे 6,750 कोटी. दोन्ही वेळा बरोबर 75 टक्के. खर्चाच्या बाबी मांडून बेरीज केली असती, तर दीड हजार कोटी वाढल्यावर टक्केवारी इतकी तंतोतंत राहिली असती का? माझा तर्क असा की आधी रक्कम ठरली, मग कारण लिहिलं गेलं. यात बेकायदा काही नव्हतं, पण योजना तपासणाऱ्याने हे टिपायलाच हवं. मसुदा आणि अंतिम प्रॉस्पेक्टस दोन्ही सेबीच्या संकेतस्थळावर मिळतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला अर्धा तास लागतो आणि वर्गात हे कोणी करत नाही.

ही शंका फक्त विद्यार्थ्यांची नव्हती. जानेवारी 2022 मध्ये सेबीने नियमच बदलला. कोणती कंपनी घेणार हे न ठरवता खरेदीसाठी ठेवलेला पैसा आणि सर्वसाधारण कामांचा पैसा मिळून उभारलेल्या रकमेच्या 35 टक्क्यांपलीकडे जाता कामा नये, आणि त्यातला न ठरलेल्या खरेदीचा भाग 25 टक्क्यांपर्यंतच, अशी मर्यादा आली.

पण पुढे काय झालं ते तर सगळ्यांना माहीत आहे!

केस स्टडीवरचा हा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि सगळ्यात मोठा सापळाही. शेअर 76 रुपयांना विकला गेला, 23 जुलै 2021 ला पहिल्याच दिवशी 116 वर उघडला, आणि साधारण वर्षभराने 50 च्या खाली आला. पुढे तो पुन्हा वर चढला. यातला कोणता भाव तुमच्या उत्तराचा पुरावा? कोणताच नाही. पहिल्या दिवशी उत्तर लिहिलं असतं तर 'हुशार', वर्षाने लिहिलं असतं तर 'मूर्ख' ठरलं असतं, आणि कागदातलं एक अक्षरही बदललेलं नसतं.

म्हणून पहिल्या पानावर तारीख लिहा: 'हे विश्लेषण जुलै 2021 रोजी उपलब्ध माहितीवर आधारित आहे.' त्यानंतरची एकही बातमी मुख्य उत्तरात नको. नंतर काय घडलं याचा उपयोग फक्त एकाच कामाला, शेवटच्या पडताळणीला.

ती इथेच करून पाहू. 2021-22 मध्ये झोमॅटोने साधारण 53.5 कोटी ऑर्डर केल्या, म्हणजे आपल्या 48 कोटींपेक्षा जास्त. तरी तोटा कमी झाला नाही, उलट 1,222 कोटींच्या आसपास गेला. आपलं गणित चुकलं का? भागाकार बरोबर होता, पण साडेवीसचा आकडा टिकला नाही. ऑर्डरमागची शिल्लक दोन आकडी रुपयांवरून एक आकडी रुपयांवर आली. जाहिरात आणि विक्री-प्रोत्साहनाचा खर्च पुन्हा 1,200 कोटींच्या वर गेला. कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअर्सचा हिशेबी खर्चही त्या वर्षी मोठा होता.

आणि एक गंमत. लोकांनी त्या वर्षी साधारण 21,300 कोटींच्या ऑर्डर दिल्या. 53.5 कोटींनी भागा, सरासरी पुन्हा 398 रुपयेच येते. टाळेबंदी उठल्यावर ऑर्डरची रक्कम घसरेल, ही ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेली भीती खरी ठरली नाही. खर्च परत येतील ही भीती मात्र खरी ठरली. 'महामारीमुळे आकडे फुगले' एवढंच मोघम लिहिणाऱ्याला हा फरक कधीच दिसला नसता. ज्याने दोन गृहीतकं वेगळी मांडली, त्याला आपलं कोणतं बरोबर आणि कोणतं चूक हे नेमकं कळलं.

मग उत्तर लिहायचं कसं?

निष्कर्ष आधी. चित्रपटासारखा शेवटपर्यंत राखून ठेवायचा नाही. पहिल्या परिच्छेदात प्रश्न आणि तुमचा निर्णय. त्यानंतर धंदा कसा चालतो हे फक्त निर्णयाला लागेल तेवढंच, अर्धं पान फार झालं. मग आकडेमोड, पायरी-पायरीने, कोणता आकडा कुठून घेतला ते सांगत. त्यानंतर तुमच्या विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, उगाच कमकुवत करून न मांडता. आणि शेवटी अट: काय दिसलं तर मी माझं मत बदलेन.

समजा प्रश्न असा आहे: 'जुलै 2021 च्या प्रॉस्पेक्टसवरून कंपनी नफ्यात येण्याची योजना पटते का?' उत्तराची सुरुवात काहीशी अशी व्हावी:

'धंदा नफ्यात येऊ शकतो हे पटते. पण 2020-21 चे ऑर्डरमागचे 20.5 रुपये हा त्याचा पुरावा मानता येत नाही. त्या वर्षी एका ऑर्डरची सरासरी रक्कम 278 वरून 397 रुपये झाली आणि जाहिरातखर्च 1,338 वरून 527 कोटींवर आला. यातले दुसरे वाढीच्या काळात टिकेल असे मानण्यास प्रॉस्पेक्टसमध्ये आधार नाही, कारण कंपनी स्वतःच खर्च वाढेल असे सांगते. ऑर्डरमागची शिल्लक तशीच राहिली तर साधारण 48 कोटी ऑर्डरवर तोटा संपतो. ती 10 रुपयांवर आली तर 98 कोटी लागतात. याउलट, ऑर्डरची वाढलेली रक्कम ही सवय म्हणून टिकली तर चित्र बदलते. म्हणून पहिल्या दोन तिमाहींत ऑर्डरमागची शिल्लक 15 रुपयांच्या वर राहिली, तर मी हे मत बदलेन.'

शंभरच्या आसपास शब्द आहेत. पण यात निर्णय आहे, कारण आहे, आकडा आहे, विरुद्ध बाजू आहे आणि मत कशाने बदलेल हेही आहे. 15 हा आकडा कुठून आला असं कोणी विचारेल. विचारू द्या. 'साडेवीस आणि दहा यांच्या साधारण मध्ये, आणि त्यावर लागणाऱ्या ऑर्डर 65 कोटींच्या घरात येतात' असं उत्तर देता आलं म्हणजे झालं.

चार चौकटींच्या तक्त्याबद्दलही विचारलं जातं. तो वापरायला हरकत नाही, पण कच्च्या वहीत. 'मजबूत ब्रँड' हे बलस्थान आणि 'तीव्र स्पर्धा' हा धोका, हे झोमॅटोबद्दल जितकं खरं तितकंच साबणाच्या कंपनीबद्दलही. ज्या वाक्यात कंपनीचं नाव बदललं तरी काही बिघडत नाही, ते उत्तरातून खोडायचं.

कागदात नसलेलं कसं ओळखायचं?

हा भाग सगळ्यात अवघड, आणि इथे कोणतीही पद्धत पूर्ण पुरी पडत नाही. 2021 मध्येच झोमॅटोने ग्रोफर्समध्ये साधारण 10 कोटी डॉलर गुंतवले. त्याच ग्रोफर्सचं पुढे ब्लिंकिट झालं, आणि जून 2022 मध्ये झोमॅटोने ते 4,447 कोटींना, रोख न देता स्वतःचे शेअर्स देऊन, विकत घेण्याचं जाहीर केलं. आज झोमॅटोची चर्चा जेवणापेक्षा किराण्याच्या दहा मिनिटांच्या डिलिव्हरीवरून जास्त होते. 2023-24 मध्ये कंपनी 351 कोटींच्या नफ्यात आली, आणि 2025 मध्ये तिने नावच बदलून 'इटर्नल' केलं.

जेवण पोचवणाऱ्या कंपनीचा प्रॉस्पेक्टस वाचून हे कोणाला सांगता आलं असतं? नेमकं हे कोणालाच नाही. पण 6,750 कोटींच्या बाबीत 'इनऑरगॅनिक' हा शब्द होता आणि कोणती कंपनी घेणार ते लिहिलेलं नव्हतं. 'या योजनेत एक मोठी रिकामी जागा आहे आणि ती भरण्याचा अधिकार व्यवस्थापन स्वतःकडे ठेवत आहे' एवढं लिहिता येत होतं. ज्याने ते लिहिलं त्याने भविष्य सांगितलं नाही, पण जोखीम कुठे आहे त्यावर बोट ठेवलं.

सराव करायचा असेल तर नोव्हेंबर 2024 मध्ये आयपीओ आणलेल्या स्विगीचा प्रॉस्पेक्टस घ्या. धंदा तोच, पण कागद तीन वर्षांनंतरचा आणि नव्या नियमाखालचा. 'ऑब्जेक्ट्स ऑफ द ऑफर'चं पान उघडलं की डार्क स्टोअर म्हणजे किराण्याची छोटी गोदामं, तंत्रज्ञान, ब्रँडचा प्रचार अशा बाबी वेगवेगळ्या मांडलेल्या दिसतील. ते पान आणि झोमॅटोचं तेच पान शेजारी ठेवा. मग जेवणाच्या आणि किराण्याच्या ऑर्डरमागची शिल्लक वेगवेगळी काढायला घ्या, कारण त्या दोन धंद्यांची सरासरी काढली की कोण कोणाला पोसतंय ते दिसत नाही.